विश्लेषण : ‘आजचे कांदा बाजारभाव’ रोज तेच, मग व्हिडिओखालचे वर्णन रोज नवे कसे लिहायचे?

येवला तालुक्यातील कांदा उत्पादक पहाटे चाळीकडे जाण्याआधी मोबाइल हातात घेतो. यूट्यूबवर ‘आजचे कांदा बाजारभाव लासलगाव’ असे शोधतो. समोर व्हिडिओंची रांग लागते. प्रत्येकाचे शीर्षक जवळपास एकच, चित्रावर कांद्याचा तोच ढीग आणि खाली तोच मजकूर. त्यातला आजचा कोणता, कालचा कोणता आणि तीन आठवड्यांपूर्वीचा कोणता, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. घाईत जुना व्हिडिओ उघडला गेला आणि त्यातला भाव आजचा समजून पिकअप भरला, तर लिलावात उभे राहिल्यावर चूक लक्षात येते. तोवर गाडीभाडे, हमाली आणि दिवस गेलेला असतो. भरलेला कांदा परत नेणे परवडत नाही म्हणून मिळेल त्या भावाला द्यावा लागतो.

बाजारभावाचे व्हिडिओ रोज टाकणाऱ्यांची अडचणही खरी आहे. बाजार तोच, पीक तेच, लिलावाची पद्धत तीच. आकडे तेवढे बदलतात. मग प्रत्येक व्हिडिओखाली वेगळे काय लिहायचे? उत्तर सापडत नाही म्हणून एकदा लिहिलेला मजकूर वर्षभर चालवला जातो. त्याचे काय परिणाम होतात आणि रोज पाच-सात मिनिटांत खरोखर वेगळे वर्णन कसे लिहिता येते, याचा हा आढावा.

सगळी वर्णने एकसारखी का होतात?

पहिले कारण सोयीचे आहे. यूट्यूब स्टुडिओमध्ये ‘अपलोड डिफॉल्ट’ नावाची सुविधा आहे. तिथे एकदा मजकूर भरून ठेवला, की संगणकावरून टाकलेल्या प्रत्येक नव्या व्हिडिओखाली तो आपोआप येतो. जुन्या व्हिडिओचे तपशील नव्याला लावण्याचीही सोय आहे. रोज सकाळी बाजारात चित्रीकरण करून, तिथेच ओट्यावर बसून व्हिडिओ चढवणाऱ्याला ही सोय मोहात पाडते. हा मजकूर साधारण असा असतो :

> नमस्कार शेतकरी मित्रांनो, आपल्या चॅनेलवर आपले स्वागत आहे. आजच्या व्हिडिओमध्ये आपण आजचे कांदा बाजारभाव पाहणार आहोत. व्हिडिओ आवडल्यास लाइक करा, शेअर करा आणि चॅनेलला सबस्क्राइब करा. कांदा बाजारभाव, आजचे कांदा भाव, लासलगाव कांदा, पिंपळगाव कांदा, सोयाबीन भाव, कापूस भाव, तूर भाव, टोमॅटो भाव...

या मजकुरात खोटे काही नाही, पण त्यात माहितीही नाही. ‘आज’ हा शब्द त्यात तीनदा येतो आणि तारीख एकदाही नाही. ‘आज’ ही तारीख नव्हे. व्हिडिओ चढवला त्या दिवशी तो शब्द खरा असतो, दुसऱ्या दिवसापासून तो दिशाभूल करतो. यूट्यूब जुना व्हिडिओ ‘३ आठवड्यांपूर्वी’ असे बारीक अक्षरांत दाखवते खरे, पण मोठ्या अक्षरातले ‘आजचे’ हेच आधी डोळ्यांत भरते. तो व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्या गटात फिरू लागला, की ही बारीक अक्षरेही बहुधा दिसत नाहीत.

यात नुकसान कोणाचे?

पहिले नुकसान पाहणाऱ्याचे. निफाड, येवला, चांदवड या पट्ट्यातील शेतकऱ्यासमोर रोज एकाहून अधिक पर्याय असतात. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, येवला यांपैकी कुठे गाडी न्यायची, की चाळीतला कांदा आणखी आठवडाभर राखायचा, हा निर्णय त्याला भावाच्या बळावर घ्यायचा असतो. म्हणून कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या बाजाराचा भाव पाहतो आहोत, हे त्याला व्हिडिओ सुरू होण्याआधीच कळायला हवे.

दुसरे नुकसान चॅनेलचे. यूट्यूबच्या शोधात शीर्षक, वर्णन आणि व्हिडिओतील आशय हे विचारलेल्या शब्दांशी किती जुळतात, हे पाहिले जाते. एकाच चॅनेलवर शब्दशः एकसारखे तीनशे व्हिडिओ असतील, तर ‘लासलगाव उन्हाळ कांदा ५ ऑगस्ट’ असे शोधणाऱ्याला त्यातला नेमका कोणता दाखवावा, हे ओळखण्यासारखे मजकुरात काही उरत नाही. वर्णन हा शोधातला एकमेव घटक नाही. शीर्षक आणि मुखचित्राचा वाटाही मोठा असतो. तरीही पाच हजार अक्षरांची मोकळी जागा असताना ती रोज त्याच शब्दांनी भरणे म्हणजे ती वाया घालवणेच होय.

तिसरा मुद्दा उत्पन्नाचा. जाहिरातींतून पैसे मिळवणाऱ्या चॅनेलसाठी यूट्यूबचा जो नियम पूर्वी ‘पुनरावृत्तीचा आशय’ या नावाने होता, त्याचे नाव १५ जुलै २०२५ पासून ‘अस्सल नसलेला आशय’ असे झाले. साच्यातून काढल्यासारखे, किंचित फरकाचे व्हिडिओ मोठ्या संख्येने टाकणारे चॅनेल उत्पन्नासाठी अपात्र ठरू शकते, असा त्याचा अर्थ. चॅनेल तपासताना त्याचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले आणि सर्वात नवे व्हिडिओ यांच्याबरोबर शीर्षके, मुखचित्रे आणि वर्णनेही पाहिली जातात, असे यूट्यूबनेच सांगितले आहे. वर्णनाच्या शेवटी पिकांच्या नावांची लांबलचक माळ लावणे हे तर स्पॅमविरोधी नियमांतच बसते. कांद्याच्या व्हिडिओखाली ‘कापूस भाव’ लिहिल्याने कापूसवाला येतो आणि दहा सेकंदांत निघून जातो.

शब्द बदलले की वर्णन वेगळे झाले का?

येथे बहुतेकांची गल्लत होते. सोमवारी ‘भाव वाढले’, मंगळवारी ‘दरात तेजी’, बुधवारी ‘कांद्याने घेतली उसळी’ असे लिहिले, की वेगळेपणा साधला असे वाटते. प्रत्यक्षात तिन्ही दिवस एकच गोष्ट सांगितली गेली आणि तीही बहुधा नीट नाही. वाचणाऱ्याला तेजी आणि उसळी यांत किती रुपयांचा फरक आहे, हे कळत नाही.

वर्णन खरोखर वेगळे आहे का, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. आज लिहिलेले वर्णन तारीख झाकून कालच्या व्हिडिओखाली ठेवून पाहावे. तिथेही ते खरे वाटत असेल, तर ते आजचे वर्णन नाही, पीकभराचे आहे. तिथे ते खोटे ठरत असेल, तर काम झाले. ‘आज कांद्याला चांगला भाव मिळाला’ हे वाक्य कुठल्याही दिवशी चालते. ‘कालपेक्षा आवक ३,२०० क्विंटलने जास्त आली आणि सरासरी भाव ६० रुपयांनी उतरला’ हे वाक्य एकाच दिवशी खरे असते.

वेगळेपणाचे मूळ शब्दात नसून फरकात आहे, हे यातून लक्षात येते. दोन दिवस सारखे दिसले तरी आवक, तिन्ही भाव, मालाची प्रत आणि बाजारातले कारण या सगळ्या गोष्टी एकाच वेळी सारख्या राहणे दुर्मीळ असते.

मग वहीत काय टिपायचे?

वर्णन घरी बसून सुचत नाही. ते लिलावाच्या ओळीत उभे असतानाच टिपावे लागते. त्यासाठी पाच नोंदी पुरतात.

पहिली नोंद जागा आणि वेळेची : बाजार समिती, मुख्य आवार की उपबाजार, वार, पूर्ण तारीख आणि सत्र. लासलगावचा भाव आणि त्याच समितीच्या विंचूर उपबाजाराचा भाव एकच नसतो. सकाळच्या सत्राचा भाव दुपारी टिकेलच असे नाही. म्हणून दुपारचे सौदे होण्याआधी व्हिडिओ जात असेल, तर ‘सकाळ सत्र’ हे दोन शब्द अनिवार्य आहेत.

दुसरी नोंद मालाची. उन्हाळ कांदा की लाल कांदा, हे सांगितल्याशिवाय भावाला अर्थ नाही. रब्बीतला उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, लाल कांदा टिकत नाही. हंगाम बदलताना काही आठवडे दोन्ही एकाच आवारात येतात आणि त्यांचे भाव वेगळे निघतात. गोल्टी, म्हणजे लहान आकाराचा कांदा, स्वतंत्र विकला जात असेल तर त्याचा भाव स्वतंत्र लिहावा.

तिसरी नोंद आवकेची, क्विंटलमध्ये किंवा वाहनांच्या संख्येत. एकक मात्र रोज एकच ठेवावे. काल वाहने आणि आज क्विंटल असे झाले, की तुलना मोडते.

चौथी नोंद तीन भावांची : किमान, कमाल आणि सरासरी, तिन्ही प्रतिक्विंटल. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर तिसऱ्या भावाला ‘सर्वसाधारण दर’ म्हटलेले असते. ज्या भावाच्या आसपास बहुतेक माल गेला, तो हा भाव. पाहणाऱ्याच्या कामाचा भाव हाच. कमाल भाव निवडक एक-दोन वाहनांना मिळालेला असू शकतो.

पाचवी नोंद कारणाची आणि ती कोणी सांगितली याची. पावसामुळे आवक घटली, भिजलेला माल जास्त आला, बाहेरच्या राज्यातून मागणी वाढली, असे काही व्यापारी किंवा शेतकरी सांगतात. ते त्यांच्या नावावर, निदान ‘व्यापाऱ्यांच्या मते’ असे म्हणून लिहावे. कारण कळले नसेल तर ‘कारण स्पष्ट नाही’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे. रोज नवे लिहायचे म्हणून रोज नवे कारण शोधून काढणे हा या कामातला मोठा धोका आहे.

तीन दिवसांचे उदाहरण

पद्धत कशी चालते, हे सलग तीन दिवसांवरून पाहता येईल. पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. ते कोणी खरे भाव समजू नयेत म्हणून तारखेत वर्ष मुद्दाम घातलेले नाही. प्रत्यक्ष वर्णनात वर्ष लिहायलाच हवे.

सोमवारी आवक ९,२०० क्विंटल. किमान ५००, कमाल १,९००, सरासरी १,४५० रुपये. मंगळवारी आवक १२,४००. किमान ५००, कमाल १,८२०, सरासरी १,३९०. बुधवारी आवक ११,८००. किमान ४५०, कमाल २,०१०, सरासरी पुन्हा १,३९०.

मंगळवारचे वर्णन सोपे आहे, कारण त्या दिवशी फरक उघड आहे :

> लासलगाव मुख्य आवार, उन्हाळ कांदा, मंगळवार ५ ऑगस्ट, सकाळ सत्र. सरासरी भाव १,३९० रुपये क्विंटल, सोमवारपेक्षा ६० रुपयांनी कमी. आवक ९,२०० वरून १२,४०० क्विंटलवर गेली. दोन दिवस थांबलेला पाऊस आणि मोकळे झालेले रस्ते यामुळे गाड्या वाढल्या, असे व्यापाऱ्यांचे मत. किमान ५००, कमाल १,८२०. व्हिडिओत मध्यम प्रतीच्या तीन वाहनांचे सौदे पूर्ण दाखवले आहेत.

खरी परीक्षा बुधवारची. सरासरी भाव कालचाच आहे. कमाल भाव मात्र दोन हजारांच्या वर गेला. मुखचित्रावर ‘कांदा २,००० पार’ असे मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा मोह येथे होतो. लोक व्हिडिओ उघडतीलही. पण त्या भरवशावर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला चौदाशेच्या आत भाव मिळाला, तर तो त्या चॅनेलवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. बुधवारचे योग्य वर्णन असे होईल :

> लासलगाव मुख्य आवार, उन्हाळ कांदा, बुधवार ६ ऑगस्ट, सकाळ सत्र. सरासरी भाव १,३९० रुपये क्विंटल, मंगळवारइतकाच. कमाल भाव २,०१० झाला, पण तो मोठ्या आकाराच्या, सुक्या आणि पत्ती टिकून असलेल्या दोन वाहनांचा. किमान भाव ५० रुपयांनी उतरून ४५० वर आला, ओलसर माल जास्त होता. म्हणजे चांगल्या आणि हलक्या मालातले अंतर एका दिवसात वाढले. आवक ११,८०० क्विंटल. दोन हजारांवर गेलेले वाहन आणि साडेचारशेचे वाहन दोन्ही व्हिडिओत दिसतील.

सरासरी न बदललेला दिवसच या तिघांत सर्वाधिक सांगण्यासारखा निघाला. चाळीत कांदा असलेल्याला त्यातून एक उपयोगी गोष्ट कळते : ओलसर मालाला फटका बसतो आहे, तेव्हा गाडी भरण्याआधी निवड करणे फायद्याचे.

आणि काहीच बदलले नाही तर? आवक तीच, तिन्ही भाव तेच, असा दिवसही येतो. त्या दिवशी ‘सलग तिसऱ्या लिलावात सरासरी १,३९० वर स्थिर’ हीच बातमी असते. भाव किती दिवस एका जागी थांबला आहे, हेही शेतकऱ्याला हवेच असते. कालच्या व्हिडिओखाली हे वाक्य खोटे ठरते, कारण काल दुसराच दिवस होता. म्हणजे वरची कसोटी येथेही लागू पडते.

कोणता भाग रोज तोच ठेवावा?

संपूर्ण मजकूर रोज नव्याने लिहिण्याची गरज नाही. चॅनेलची ओळख, ‘सर्व भाव प्रतिक्विंटल’ ही सूचना, आकडे बाजार समितीच्या फलकावरून की पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून घेतले याचा उल्लेख आणि ‘भाव प्रतीनुसार बदलतात’ हा इशारा कायम राहू शकतो. बरेच लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात. त्यांच्यासाठी `kanda bajar bhav lasalgaon` अशी एक ओळ कायमस्वरूपी असायलाही हरकत नाही. मात्र हे सारे तळाशी हवे.

याचे कारण मोबाइलच्या पडद्यात आहे. वर्णनाच्या सुरुवातीचा थोडाच भाग आधी दिसतो, उरलेला ‘आणखी’वर बोट ठेवल्यावर उघडतो. ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’ने ती जागा व्यापली, तर भाव आणि तारीख आत दडतात. म्हणून नवा मजकूर वर आणि कायमचा खाली, हा क्रम पाळावा. स्वागत व्हिडिओत तोंडाने करता येते.

शीर्षकालाही हाच नियम लागू. त्याची मर्यादा १०० अक्षरांची आहे, पण मोबाइलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो. ‘लासलगाव उन्हाळ कांदा, ५ ऑगस्ट : आवक वाढली, सरासरी ६० रुपये खाली’ यात बाजार, माल, तारीख आणि फरक चारही गोष्टी पहिल्याच नजरेत येतात. तारीख शेवटी टाकली, तर कापली जाणारी पहिली गोष्ट तीच असते.

व्हिडिओ मोठा असेल तर वर्णनात वेळा देऊन त्याचे भाग पाडता येतात. पहिली वेळ `0:00` असावी, निदान तीन वेळा असाव्यात आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा असावा, अशा अटी आहेत. ‘भाग १, भाग २’ असे लिहिण्याऐवजी त्या दिवशी काय दिसते ते लिहावे. उदाहरणार्थ :

```
0:00 सरासरी भाव आणि आवक
0:40 कमाल २,०१० चे वाहन
2:15 ओलसर माल, ४५० पासून
3:30 शेतकऱ्याची प्रतिक्रिया
```

या चार ओळी दुसऱ्या दिवशी जशाच्या तशा वापरता येणार नाहीत, हेच त्यांचे मोल.

चुका कुठे होतात आणि कशा ओळखाव्यात?

सर्वात घातक चूक म्हणजे कालचे वर्णन उघडून त्यात आकडे बदलणे. पाच आकडे बदलायचे असताना चार बदलले जातात आणि पाचवा कालचाच राहतो. वाचणाऱ्याला ते कळत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. त्यावर उपाय साधा आहे. ‘अपलोड डिफॉल्ट’मध्ये आकड्यांच्या जागी रिकाम्या रेघा ठेवाव्यात. भरायची राहिलेली रेघ लगेच डोळ्यांना खुपते, राहून गेलेला जुना आकडा खुपत नाही.

दुसरी तपासणी वजाबाकीची. आजचा सरासरी भाव आणि कालचा सरासरी भाव यांतला फरक वर्णनात लिहिलेल्या फरकाशी जुळतो का, हे व्हिडिओ सार्वजनिक करण्याआधी पाहावे. मंगळवारच्या वर्णनात १,४५० उणे १,३९० बरोबर ६० जुळते. न जुळल्यास एखादा आकडा कालचा राहिला आहे किंवा चुकीचा वाचला आहे. तिसरा आकडा किमान आणि कमाल यांच्या मध्येच असला पाहिजे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

तिसरी चूक दुपारनंतरची. सकाळच्या व्हिडिओखालचे वर्णन नंतरही बदलता येते. दुपारी भाव हलला तर ‘दुपार सत्र : सरासरी इतका’ अशी ओळ वेळेसह जोडावी. सकाळचा आकडा मात्र पुसू नये, कारण व्हिडिओत तोच ऐकू येतो. जुन्या व्हिडिओवर आजची तारीख चढवून तो पुन्हा फिरवणे ही चूक नव्हे, फसवणूक आहे.

वर्णनाने काय साधत नाही?

वर्णन हे व्हिडिओचे प्रतिबिंब असते. रोज तोच तक्ता पडद्यावर सरकवून, तोच आवाज तेच वाक्य वाचत असेल, तर खाली कितीही वेगळे लिहिले तरी व्हिडिओ वेगळा होत नाही. उत्पन्नाचा नियमही मुळात व्हिडिओतील आशयाला लागू आहे. उलट, रोज पाच नोंदी टिपण्याची सवय लागली, की चित्रीकरणही आपोआप बदलते. ओलसर मालाची नोंद करायची म्हटल्यावर कॅमेरा त्या वाहनाजवळ जातो. कारण लिहायचे म्हटल्यावर व्यापाऱ्याला प्रश्न विचारला जातो. वर्णन लिहिण्याची तयारी सकाळी बाजारातच सुरू झाली, तर व्हिडिओही सुधारतो.

याचा आणखी एक उपयोग वर्षानंतर दिसतो. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ रोजी ती किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासह खुली केली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आणले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण काढले. या प्रत्येक निर्णयाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी लासलगावात नेमके काय झाले, हे आज कोणाला पाहायचे असेल, तर तारीख, आवक आणि कारण लिहिलेले व्हिडिओ शोधात सापडतील. ‘आजचे कांदा बाजारभाव’ एवढेच लिहिलेले व्हिडिओ त्याच दिवशीचे असूनही हाती लागणार नाहीत. पुन्हा असा निर्णय होईल तेव्हा चाळ उघडावी की थांबावे, हे ठरवताना मागच्या वेळचा अनुभव शेतकऱ्याला उपयोगी पडतो.

रोज बाजारात उभे राहून लिलाव दाखवणारी ही मंडळी शेतकऱ्याचे मोठे काम वाचवतात. तीस-चाळीस किलोमीटरवरचा भाव त्याला घरी कळतो. त्या कामाला शेवटची पाच मिनिटे द्यायची राहतात, एवढेच. बाजार, तारीख, सरासरी आणि कालपासूनचा फरक या चार गोष्टी पहिल्या दोन ओळींत आल्या, तर पहाटे चाळीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला व्हिडिओ पूर्ण न पाहताही कळेल, की गाडी आज भरायची की नाही.